ब्लॉकच्या भिंतीतली काँक्रीटची वाट

म्हसवडला घर बांधणारा माणूस आता विटांऐवजी बऱ्याचदा पांढऱ्या हलक्या ब्लॉकचा विचार करतो. कोणी त्यांना एएसी म्हणतो, कोणी जुन्या सवयीनं सिपोरेक्स. ब्लॉक हलके असल्यानं बांधकाम भराभर वर जातं, आणि विकणारा सांगतो की या भिंतीतून ऊन आत येत नाही. ब्लॉकपुरतं बोलायचं तर त्याचं म्हणणं खरं आहे. पण घर नुसत्या ब्लॉकचं नसतं. कोपऱ्यांत कॉलम असतात, डोक्यावर बीम असतो, मधून लिंटेलची पट्टी जाते. हे सगळं काँक्रीट बाहेरच्या प्लास्टरपासून आतल्या प्लास्टरपर्यंत सलग असतं, आणि भिंतीनं अडवलेली उष्णता त्यातून आत येते. अभियंते याला थर्मल ब्रिज म्हणतात. घरमालकाचा प्रश्न मात्र साधा असतो: ब्लॉकला एवढे पैसे मोजूनही पश्चिमेची खोली रात्री अकरा वाजता का तापलेली असते?

उत्तराचा मोठा भाग त्या काँक्रीटमध्ये आहे. तो किती मोठा, हे हिशोब मांडल्याशिवाय पटत नाही, म्हणून एक भिंत घेऊन तो मांडू.

उन्हाची बाजू

माणदेश पावसाच्या छायेतला. उन्हाळा कोरडा, आकाश निरभ्र, झाडांची सावली कमी. म्हसवडच्या अक्षांशावर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य भर दुपारी जवळजवळ थेट डोक्यावर असतो. त्यामुळे त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागत नाही. स्लॅब तापतो, आणि दुपार कलली की पश्चिमेची भिंत तापते. तिच्यावर ऊन तिरपं न येता बरंचसं समोरून येतं, तेही हवा सर्वांत तापलेली असताना. छज्ज्याची सावली खिडकीपुरती पडते, पण चार-साडेचारनंतर खाली उतरलेल्या सूर्यापुढे छज्ज्याचाही फार उपयोग होत नाही. म्हणून हिशोबाला पश्चिमेची भिंत घेतलेली बरी.

भिंतीत काँक्रीट किती असतं

समजा खोलीची पश्चिमेची भिंत बारा फूट लांब आणि एका मजल्याची उंची दहा फूट आहे. म्हणजे १२० चौरस फूट. सोपेपणासाठी खिडकी बाजूला ठेवू, कारण तिचं ऊन हा वेगळा विषय आहे. दोन्ही टोकांना नऊ बाय बाराचे कॉलम आहेत आणि त्यांची बारा इंची बाजू भिंतीच्या रांगेत आहे. दोन्ही मिळून त्यांनी भिंतीचे २० चौरस फूट घेतले. वर पंधरा इंच खोल बीम आहे. कॉलममधल्या दहा फुटांत त्याचे साडेबारा चौरस फूट झाले. लिंटेलच्या उंचीला सहा इंचांची सलग पट्टी आहे, तिचे पाच.

बेरीज साडेसदतीस. म्हणजे भिंतीचा जवळपास एकतृतीयांश चेहरा काँक्रीटचा आहे. प्लास्टर आणि रंग झाल्यावर हे दिसत नाही, म्हणून भिंत ब्लॉकची आहे असं आपण म्हणतो. बांधकाम चालू असताना उभं राहून पाहिलं तर पांढऱ्या चौकटींभोवतीचा करडा पट्टा केवढा आहे ते लगेच ध्यानात येतं.

हे काँक्रीट कमी करता येईल का? फारसं नाही. सातारा जिल्ह्यात १९६७ चा कोयनेचा भूकंप अजून लोकांच्या बोलण्यात आहे. कॉलम, बीम आणि लिंटेलची सलग पट्टी हे घर एकत्र बांधून ठेवतात. उष्णतेसाठी त्यांना हात लावायचा नाही. त्यांच्या अंगावर काय घालायचं, एवढाच प्रश्न उरतो.

आकडे मांडून पाहू

भिंतीतून उष्णता किती जाते हे मोजायला एक साधं माप आहे. बाहेर आणि आत एका अंशाचा फरक असेल, तर एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, ते सांगणारा आकडा. त्याला यू-मूल्य म्हणतात. आकडा जितका लहान तितकी भिंत चांगली.

आठ इंची एएसी ब्लॉक, दोन्ही बाजूंना प्लास्टर: यू-मूल्य साधारण ०.७५. नऊ इंच जाड काँक्रीट, त्याच प्लास्टरसह: साधारण २.८. हा फरक येतो पदार्थाच्या स्वभावातून. ब्लॉकमध्ये हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात, आणि अडकलेली हवा उष्णतेला सहजी वाट देत नाही. काँक्रीट भरीव असतं. तेवढ्याच जाडीच्या ब्लॉकपेक्षा ते आठ-नऊपट सहज उष्णता वाहून नेतं. प्लास्टर आणि दोन्ही पृष्ठभागांलगतचा हवेचा थर धरला की हा फरक पावणेचारपटीवर येतो.

आता क्षेत्रफळानं गुणा. ब्लॉकचे साडेब्याऐंशी चौरस फूट गुणिले ०.७५ म्हणजे ६२. काँक्रीटचे साडेसदतीस गुणिले २.८ म्हणजे १०५. एकूण १६७, आणि त्याला १२० ने भागलं की अख्ख्या भिंतीचं सरासरी यू-मूल्य १.३९ येतं.

म्हणजे भिंतीचं माप पाऊण नसून जवळजवळ दीडाकडे झुकलेलं आहे. शिवाय १६७ पैकी १०५ काँक्रीटचे. एकतृतीयांशाहून कमी जागेतून सुमारे ६३ टक्के उष्णता आत आली. बाहेरचं तापलेलं अंग आणि आतली हवा यांत सरासरी दहा अंशांचा फरक धरला तर नुसत्या ब्लॉकच्या भिंतीतून ८४ वॅट आले असते, प्रत्यक्षात १५५ येतात. जास्तीचे सत्तर वॅट म्हणजे छताचा एक पंखा चालायला लागणाऱ्या विजेएवढी उष्णता, आणि तीही एकाच भिंतीतून.

या हिशोबात उष्णता ब्लॉकमधून आणि काँक्रीटमधून सरळ रेषेत जाते असं धरलं आहे. खरं तर ती आडवीही सरकते आणि सोपी वाट धरते. ब्लॉकच्या कडेला अडलेली थोडी उष्णता कुशीनं कॉलममध्ये शिरते. म्हणून खरा आकडा १.३९ पेक्षा थोडा जास्तच निघतो, कमी निघत नाही. घराच्या कोपऱ्यातल्या कॉलमचं तर आणखी वेगळं असतं. त्याच्या दोन बाजू उन्हात असतात आणि आतल्या बाजूला जेमतेम एक कोपरा. दोन अंगांनी घेतलेली उष्णता त्या कोपऱ्यात उतरते.

ब्लॉकच्या सांध्यांचंही थोडं आहे. सिमेंट-वाळूचा अर्धा इंच जाड माल घालून ब्लॉक बांधले की प्रत्येक सांधा ही एक बारीक वाट होते. ब्लॉकसाठी मिळणाऱ्या चिकट मालाचा तीन मिलिमीटरचा सांधा धरला तर हे नुकसान बरंचसं टळतं. पण कॉलम-बीमच्या मानानं ही बाब लहान आहे.

विटांच्या घरात हे का जाणवलं नाही

हीच भिंत नऊ इंची विटांची असती तर? विटेच्या भिंतीचं यू-मूल्य साधारण २. काँक्रीटचं २.८ तसंच. सरासरी २.२५ आली असती. म्हणजे कॉलम-बीममुळे भिंत जेमतेम बारा टक्के बिघडली असती. ब्लॉकच्या भिंतीत तेच कॉलम, तेच बीम भिंतीला पंच्याऐंशी टक्क्यांनी बिघडवतात.

लक्षात घेण्याची गोष्ट हीच आहे. काँक्रीट बदललेलं नाही, त्याच्या शेजारची भिंत सुधारली. शेजारची भिंत जितकी चांगली, तितका काँक्रीटचा वाटा मोठा होतो. म्हणून विटांची घरं बांधण्यात आयुष्य घालवलेल्या गवंड्याला कॉलम तापण्याचं काही विशेष वाटत नाही. त्याच्या अनुभवात सगळीच भिंत तापत होती.

ब्लॉक घेणाऱ्यानं यातून एक हिशोब पक्का करावा. नुसत्या विटेची नुसत्या ब्लॉकशी तुलना केली तर उष्णता ६२ टक्क्यांनी कमी होते, आणि विक्रीच्या बोलण्यात असाच आकडा येतो. कॉलम-बीमसकट अख्खी भिंत धरली तर २.२५ वरून १.३९, म्हणजे ३८ टक्के. ब्लॉक वाईट नाही. पण त्याच्यासाठी मोजलेल्या पैशाचा बराच भाग चौकटीतून निसटतो.

त्याहून जुन्या घरांची गोष्ट तर आणखी वेगळी. माणदेशातल्या माळवदाच्या घरांत जाड मातीच्या किंवा दगडमातीच्या भिंती, आणि त्यांत किंवा त्यांच्यालगत लाकडी खांब. वर तुळई, त्यावर किलचण आणि मातीचा थर. तिथंही भार चौकटीवरच होता, पण ती लाकडाची. लाकूड मातीपेक्षा उष्णता कमी वाहून नेतं. त्यामुळे भिंतीत खांब असला तरी उष्णतेला सोपी वाट मिळत नव्हती, उलट खांबापाशी ती थोडी अडत होती. चौकट सिमेंटची झाली तेव्हा मजबुती आली, मजले चढले, वाळवीची काळजी गेली. पण भिंतीतला सर्वांत कमी उष्णता नेणारा भाग जाऊन त्या जागी सर्वांत जास्त नेणारा भाग आला. ही अदलाबदल कोणी मुद्दाम केली नाही आणि कोणी तिचा हिशोबही ठेवला नाही.

चुकीच्या जागी घातलेला फोम

खोली तापते म्हणून काही जण आतून फोमच्या शीट लावून घेतात. बहुतेकदा त्या ब्लॉकच्या सपाट भागावर लागतात. कॉलम आतून पुढे आलेले असतात, बीमला कड असते, तिथं शीट कापून बसवायची कटकट होते, म्हणून कारागीर ते सोडतो. मालकालाही वाटतं की मोठा भाग तर झाकला.

याचाही हिशोब करू. ब्लॉकवर दोन इंच चांगला फोम लावला की तिथलं यू-मूल्य ०.७५ वरून ०.३७ वर येतं, निम्म्यावर. पण काँक्रीट उघडंच आहे. ब्लॉकचे ३० अधिक काँक्रीटचे १०५, म्हणजे १३५. सरासरी १.१३. भिंतीच्या साडेब्याऐंशी चौरस फुटांवर दोन इंच फोम लावून उष्णता सुमारे एकोणीस टक्के कमी झाली.

आता उलट करा. ब्लॉक तसाच ठेवा आणि फक्त काँक्रीटवर एक इंच फोम लावा. काँक्रीटचं यू-मूल्य २.८ वरून ०.९५ वर येतं. ब्लॉकचे ६२ अधिक काँक्रीटचे ३६, म्हणजे ९८. सरासरी ०.८१. उष्णता ४१ टक्के कमी.

फोमचा माल मोजला तर दुसऱ्या पद्धतीत तो पहिलीच्या एकचतुर्थांशाहून कमी लागतो, आणि फायदा दुप्पट. बादलीचा पत्रा कितीही जाड केला तरी तळाच्या भोकातून पाणी तेवढंच जातं, तसं हे आहे. मला या सगळ्या विषयात सर्वांत कामाचा वाटतो तो हाच आकडा, कारण छोट्या घरालाही तो परवडतो.

दुसरा इंच लावावा का? लावला तर सरासरी ०.६९ येते. म्हणजे पहिल्या इंचानं १.३९ चे ०.८१ केले, दुसऱ्यानं ०.८१ चे ०.६९. दोन इंचांवर काँक्रीटचा भाग ब्लॉकपेक्षाही चांगला होतो, आणि मग पुढचा पैसा तिथं घालण्यात अर्थ उरत नाही. म्हसवडच्या साध्या घराला एक इंच पुरे, पश्चिमेच्या कोपऱ्याला हवा तर दीड.

रात्री दहाला हात लावून पाहा

हे कागदावरचं गणित आपल्या घराला लागू आहे की नाही, ते तपासता येतं. त्यासाठी वेळ नीट निवडायला हवी, कारण काँक्रीट उष्णता लगेच आत देत नाही. नऊ इंच काँक्रीटमधून उष्णतेची लाट पार व्हायला ढोबळमानानं सहा तास लागतात. चार-पाचला पश्चिमेच्या भिंतीवर पडलेलं ऊन आतल्या बाजूला पोचतं ते रात्री दहा-अकराच्या सुमारास, नेमकं झोपायच्या वेळी. ब्लॉकमधून ती लाट आणखी उशिरा आणि बरीच विरून येते. म्हणून दुपारी हात लावून दोन्हींत फरक वाटला नाही तर ते चुकीच्या वेळेमुळे.

लख्ख उन्हाच्या दिवशी रात्री दहाच्या पुढे आतून हात लावायचा. आधी भिंतीच्या मधोमध, ब्लॉकवर. मग तसाच आडवा सरकवत कॉलमकडे न्यायचा. कॉलमची कड कुठं सुरू होते ते प्लास्टरखाली दिसत नसतानाही तळव्याला कळतं. मग वर, बीमच्या खालच्या अंगाला.

हाताला कळतं, पण किती ते सांगता येत नाही. त्यासाठी दुरून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो. तो घेऊन एका रेषेत मोजायचं: ब्लॉकच्या मध्यावर, कॉलमच्या कडेपासून सहा इंचांवर, कॉलमच्या मध्यावर. आत ३२ अंश आणि बाहेरचं अंग सरासरी दहा अंशांनी जास्त धरलं, तर ब्लॉकचा आतला पृष्ठभाग ३३ च्या आसपास आणि काँक्रीटचा साडेपस्तीसच्या आसपास असायला हवा. उन्हाची लाट जोरात असेल तर फरक याहून मोठा दिसतो.

मोजताना तीन गोष्टींनी फसगत होते. एक, चकचकीत टाइल, स्टीलची चौकट किंवा ऑइलपेंटचा लकाकणारा भाग. हे यंत्र तिथं समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंबही मोजतं, म्हणून साध्या रंगाच्या प्लास्टरवरच मोजावं किंवा कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर. दोन, खिडकीतून संध्याकाळी ज्या पट्ट्यावर ऊन पडलं होतं तो भाग. तो आतूनच तापलेला असतो. तीन, यंत्र लांब धरणं. जितकं लांब धरावं तितका मोठा वर्तुळाचा भाग ते मोजतं, आणि कॉलम-ब्लॉक मिळून एकच आकडा येतो. हातभर अंतर ठीक.

आणखी एक ताळा. पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या भिंतीतल्या कॉलमची तुलना करा. उत्तरेचा कॉलमही तितकाच तापलेला असेल तर उष्णता भिंतीतून कमी आणि वरच्या स्लॅबमधून बीममार्गे जास्त येते आहे. मग आधी स्लॅबकडे पाहायला हवं. एकमजली घरात तसं असण्याची शक्यता मोठी आहे. उघडा स्लॅब दिवसभर ऊन खातो, आणि त्याच्यावर काही केलेलं नसेल तर भिंतीतल्या पट्ट्यांवर आधी खर्च करू नये.

नवं घर असेल तर

काम सोपं होतं ते चौकट उभी राहिल्यावर आणि ब्लॉक लागण्याआधी. नेहमीच्या पद्धतीत आठ इंची ब्लॉक नऊ इंची बीमच्या बाहेरच्या कडेशी समपातळीत बसवतात. त्याऐवजी ब्लॉक बीमच्या कडेपेक्षा एक इंच बाहेर घ्यावा. दोनशे मिलिमीटरच्या ब्लॉकपैकी एकशे पंच्याहत्तर मिलिमीटर बीमवर टेकलेले राहतात, त्यामुळे भिंतीच्या आधाराला बाधा येत नाही. मात्र हे अभियंत्याला दाखवूनच करावं. अशानं कॉलम, बीम आणि पट्टी यांचा चेहरा ब्लॉकच्या चेहऱ्यापेक्षा एक इंच आत राहतो, आणि त्या खाचेत फोमची शीट बरोबर बसते. बाहेरून भिंत सपाट. आतून कॉलम थोडे जास्त पुढे येतात, तेवढं सोसावं लागतं.

काही ठिकाणी सेंट्रिंगच्या फळीच्या आत शीट ठेवून त्यावरच काँक्रीट ओततात. पद्धत चालते, पण एक धोका आहे. फळीचं माप न वाढवता शीट आत टाकली तर कॉलमच एक इंचानं लहान होतो आणि सळईवरचं काँक्रीटचं आवरण जातं. कॉलमला आपल्या मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ४५६ प्रमाणे, ४० मिलिमीटर आवरण लागतं. त्यातलं मिलिमीटरही फोमला द्यायचं नाही. नऊ बाय बाराचा कॉलम फोम सोडून नऊ बाय बाराच राहिला पाहिजे.

शीट कुठली? टीव्हीच्या खोक्यात येणारा हलका थर्माकोल नको. तो दाबला की बसतो. दाट प्रतीचा, आग पटकन न धरणारा थर्माकोल किंवा त्याहून घट्ट एक्सपीएस शीट घ्यावी. हे पदार्थ शेवटी जळणारेच, म्हणून वर पूर्ण प्लास्टर हवं, कुठेही उघडी कड नको. दोनापेक्षा जास्त मजले असतील तर रॉकवूल बरं. ते जळत नाही.

आणि प्लास्टर नेहमीचं नको. फोमवर पाऊण इंच सिमेंट-वाळूचा थर मारला की पहिल्याच उन्हाळ्यात तडा जातो. फोमसाठीचा चिकट माल, त्यात रुतवलेली काचतंतूंची जाळी आणि वर पातळ थर, असं ते होतं. ब्लॉक आणि काँक्रीटच्या सांध्यावर तडा जाऊ नये म्हणून आपले मिस्त्री जाळी मारतातच. इथं ती जाळी सांध्याच्या पलीकडे ब्लॉकवर वीतभर न्यायची.

राहतं घर असेल तर

बाहेरचं प्लास्टर झालेलं आहे, मग खाच नाही. तेव्हा कॉलम आणि बीमवर बाहेरून एक इंच शीट चिकटवून, खिळ्यांनी घट्ट करून, वर जाळी आणि पातळ प्लास्टर. शीट काँक्रीटच्या कडेला संपवू नये, दोन्ही बाजूंना चार-सहा इंच ब्लॉकवर न्यावी. नाहीतर उष्णता फोमच्या कडेला वळसा घालून ब्लॉकमधून कुशीनं काँक्रीटमध्ये येते. भिंतीवर उठून दिसणारे पट्टे तयार होतात. कॉलम-बीमच्या जागी असे पट्टे शोभेसाठीही काढतात, त्यामुळे ते विद्रूप दिसत नाहीत.

आतून केलं तर सोयीचं, पण अपुरं. आतला फोम स्लॅबपाशी आणि आडव्या भिंतीपाशी तुटतो, आणि तिथून काँक्रीट उष्णता आत देतच राहतं. बाहेर हातच लावता येत नसेल, शेजारची भिंत लागून असेल, तेव्हाच आतून करावं.

त्याआधी एक स्वस्त उपाय करून पाहावा. पश्चिमेच्या भिंतीला गडद रंग असेल तर तिथं पांढरा किंवा अगदी फिका रंग द्यावा. पांढरा रंग ऊन परत फेकतो, म्हणजे कॉलममध्ये शिरायला उष्णताच कमी राहते. वाट तशीच राहते, पण तिच्यावरची वर्दळ घटते. कॉलमला वेगळा तपकिरी किंवा विटकरी रंग देऊन उठाव आणायची पद्धत आहे, ती पश्चिमेला तरी सोडावी. सर्वांत जास्त उष्णता नेणाऱ्या भागालाच आपण सर्वांत जास्त ऊन पाजत असतो.

जे उरतं ते

सगळं झाकता येत नाही. बाल्कनी आणि छज्जा हे स्लॅबचंच बाहेर गेलेलं अंग. तो पंखासारखा पसरलेला भाग दोन्हीकडून तापतो आणि उष्णता बीमकडे आणतो. थंड देशांत बाल्कनी आणि स्लॅबच्या मध्ये भार पेलणारा खास उष्णतारोधक जोड घालतात. जर्मनीत तो नेहमीच्या बांधकामातलाच भाग आहे. तिथं अडचण उलटी असते. हिवाळ्यात काँक्रीटचा आतला कोपरा इतका गार पडतो की खोलीतली वाफ तिथं थेंब धरते आणि काळी बुरशी येते. युरोप-कॅनडातल्या घरांत कपाटामागच्या कोपऱ्यात दिसणारा काळा डाग बऱ्याचदा त्यातलाच असतो. म्हसवडची थंडी तेवढी नसते आणि हवाही तेवढी वाफ धरत नाही. बाहेर १० अंश आणि आत २२ असले तरी कॉलमचं आतलं अंग साडेसतरा-अठराच्या आसपास राहतं, त्यामुळे इथं बुरशीची भीती फार नाही. आपल्याकडे छज्ज्याच्या सावलीचा फायदा त्यातून येणाऱ्या उष्णतेपेक्षा मोठा आहे, म्हणून तो काढायचा नाही. उन्हाकडच्या बाजूला पांढरा रंग एवढं पुरे.

गच्चीच्या कठड्याचंही तसंच. गच्चीवर कोबा आणि पांढरी चायना मोझॅक केली, तरी कठडा थेट बीमवर उभा असतो आणि दोन्ही बाजूंनी तापतो. गच्चीवर उष्णतारोधक थर घालणार असाल तर तो कठड्याच्या आतल्या अंगानं फूटभर वर चढवावा.

कायदा या बाबतीत आपल्या गावच्या घरापर्यंत पोचलेला नाही. केंद्राची इको निवास संहिता २०१८ सालची आहे. तिच्यात थंड हवामान सोडून सगळीकडे भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा चौरस मीटरला १५ वॅट ठेवली आहे, आणि त्या सूत्रात प्रत्येक प्रकारची भिंत तिच्या क्षेत्रफळानिशी वेगळी मांडता येते. म्हणजे काँक्रीट वेगळं दाखवायला जागा आहे. पण ती संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे. दोन-तीन गुंठ्यांतल्या घराचा हिशोब मालकानं आणि मिस्त्रीनं मिळूनच करायचा.

तो कधी करायचा, तर सेंट्रिंग सुटलं आणि ब्लॉकची पहिली रांग अजून लागायची आहे तेव्हा. त्या दिवशी दोरी एक इंच बाहेर धरायला काही खर्च येत नाही. शीट जमिनीपासून मात्र सहा इंच वरच थांबवावी, कारण मातीला टेकलेल्या फोममधून वाळवी आणि उंदीर दोघेही वर वाट काढतात, आणि खालच्या त्या सहा इंचांत उष्णता फारशी येतही नाही.